6308 बेअरिंग वर्षात तीनदा जातंय? नवीन आणण्याआधी शाफ्टची सीट आणि शोल्डर मोजा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. ब्लोअर, पंप, कन्व्हेअर, जे येईल ते आम्ही उघडतो. इतक्या वर्षांत एक तक्रार सगळ्यात जास्त वेळा ऐकली: "बेअरिंग टिकत नाही, कंपनी बदलून बघितली, तरी तेच." दर दहातल्या बऱ्याच केसमध्ये बेअरिंगचा दोष नसतो. शाफ्टच्या ज्या भागावर ते बसतं, म्हणजे सीट, तिचा व्यास चुकलेला असतो, नाहीतर ज्या पायरीला ते टेकतं ती पायरी, म्हणजे शोल्डर, बुटकी असते. कधी दोन्ही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच केस धरून सांगतो. एका फाउंड्रीचा पट्ट्यावर चालणारा ब्लोअर. मोटर १५ किलोवॅट, ब्लोअरचा शाफ्ट मिनिटाला १४४० फेरे, पुली २०० मिमी, दोन्ही टोकांना 6308. म्हणजे बोअर, आतलं भोक, ४० मिमी, बाहेरचा व्यास ९०, रुंदी २३. सात महिन्यांत पुलीकडचं बेअरिंग तीनदा गेलं होतं.

लक्षणं

काढलेलं बेअरिंग फेकू नका. काय चुकलंय ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

सीट ढिली असेल तर बेअरिंग पुलर लावायच्या आधीच हाताने निघून येतं. आतल्या रिंगचा बोअर आरशासारखा चकचकीत झालेला असतो किंवा त्यावर गोल ओरखडे असतात. सीटवर तांबूस-तपकिरी पूड दिसते, गेरूसारखी. लोक तिला पाण्याचा गंज समजतात. ती घासून निघालेल्या लोखंडाची पूड आहे, बंद खोलीत कोरड्या शाफ्टवरसुद्धा होते.

सीट जास्त घट्ट असेल तर चित्र उलटं. बसवल्यापासून पहिल्या तासातच हाउसिंगला हात लावता येत नाही, आवाज बारीक आणि शिट्टीसारखा येतो, आणि काढायला घाम निघतो. कापून बघितलं तर आतल्या ट्रॅकबरोबर बाहेरच्या ट्रॅकवरही गोळ्यांचा पट्टा पूर्ण गोलभर दिसतो. नॉर्मल चाललेल्या बेअरिंगमध्ये बाहेरच्या रिंगवर तो भार येतो त्या बाजूलाच असतो.

शोल्डरचा दोष असेल तर शाफ्ट आडवा सरकतो. इंपेलर, म्हणजे ब्लोअरच्या आतलं पंख्याचं चाक, तोंडाच्या कोनला घासायला लागतं. शोल्डरच्या कडेला चेपलेली किंवा उमटून आलेली धार नखाला लागते. रिंगच्या बाजूच्या सपाट भागावर टेकल्याची खूण पूर्ण गोल नसते, कुठेतरी अर्धचंद्रासारखी असते, किंवा खूणच नसते.

आमच्या ब्लोअरमध्ये पहिलं आणि तिसरं, दोन्ही होतं.

पहिली तपासणी: मार्करची एक रेघ

खर्च शून्य. शाफ्टचं टोक आणि आतली रिंग यांच्यावरून एकच सरळ रेघ मार्करने ओढा. एक पाळी चालू द्या, मशीन बंद करून बघा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर रिंग शाफ्टवर फिरते आहे.

ती का फिरते हे नीट समजलं की पुढचं अर्धं कोडं सुटतं. हातात सैल बांगडी घालून हात फिरवला तर बांगडी मनगटावर टेकून गडगडत पुढे सरकते. मनगटाचा घेर आणि बांगडीचा घेर यात जेवढा फरक, तेवढी ती प्रत्येक फेऱ्याला मागे राहते. शाफ्ट बोअरपेक्षा १६ मायक्रॉनने बारीक असेल तर घेरातला फरक साधारण ०.०५ मिमी. डोळ्याला दिसणार नाही इतका. पण मिनिटाला १४४० फेऱ्यांत तो ७२ मिमी होतो, आणि बोअरचा पूर्ण घेरच १२६ मिमी आहे. म्हणजे पावणेदोन मिनिटांत रिंग शाफ्टवर एक पूर्ण चक्कर मारते. दिवसभरात किती घासत असेल ते तुम्हीच बघा.

रिंग सर्क्लिपने किंवा लॉकनटने दाबून हे थांबत नाही. नट आडवं सरकणं थांबवतो. गडगडणं थांबवायला रिंग आणि शाफ्ट यांच्यात दाबच लागतो.

इथेच दुसरी गोष्ट ठरवून टाका: भार कोणत्या रिंगला फिरता आहे? पट्ट्याची ओढ कायम एकाच दिशेला, आणि आतली रिंग फिरते. त्यामुळे तिच्या प्रत्येक भागावर आळीपाळीने भार येतो, म्हणून आतली रिंग घट्ट हवी आणि बाहेरची हाउसिंगमध्ये थोडी मोकळी चालते. आयडलर पुलीत शाफ्ट स्थिर असतो आणि बाहेरची रिंग फिरते, तिथे हाउसिंग घट्ट, शाफ्ट g6 किंवा h6 या माप-वर्गाचा चालतो. व्हायब्रेटिंग स्क्रीनमध्ये तर वजनच शाफ्टबरोबर फिरतं, त्यामुळे शाफ्ट फिरत असूनही बाहेरची रिंगच घट्ट धरावी लागते. हे न बघता सगळीकडे एकच फिट लावणारे भरपूर आहेत.

दुसरी तपासणी: कागदावर काय मागितलं होतं

जुनं ड्रॉइंग किंवा टर्नरला दिलेली चिठ्ठी शोधा. आमच्या केसमध्ये चिठ्ठीवर होतं: "४० डाया, बेअरिंग फिट". हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचलेत की आता हसूही येत नाही. बेअरिंग फिट नावाचा कुठलाही माप-वर्ग नाही. टर्नर बिचारा त्याचा अर्थ "हाताने सरकलं पाहिजे" असा लावतो आणि पॉलिश पेपर मारून तसं करून देतो.

अजून एक सवय आडवी येते. ज्यांनी आयुष्यभर UC प्रकारची, ग्रब स्क्रूने शाफ्टवर आवळायची बेअरिंगं वापरली, त्यांना बाजारातला ब्राइट बार सरळ आत घालायची सवय असते. h9 ब्राइट बार ४० मिमीला ६२ मायक्रॉनपर्यंत कमी असू शकतो. ग्रब स्क्रूवाल्याला ते चालतं. 6308 ला मुळीच चालत नाही.

आता खरा हिशेब. बेअरिंगचा बोअर ४० म्हणून विकला जातो, पण नॉर्मल क्लासमध्ये तो ३९.९८८ ते ४०.००० असतो. म्हणजे शून्य ते उणे १२ मायक्रॉन. हा मुद्दा ठळक लक्षात ठेवा, कारण फिटचे नेहमीचे तक्ते भोक शून्यापासून वर मोठं होतं असं धरून केलेले असतात. H7 भोकात k6 शाफ्ट कधी ढिला, कधी घट्ट बसेल. बेअरिंगच्या बोअरमध्ये तोच k6 कायम घट्टच बसतो. तक्ता बघून "k6 म्हणजे अधलं-मधलं फिट" असं म्हणणारा माणूस इथे फसतो.

४० मिमीच्या शाफ्टला कामाचे वर्ग असे:

```
वर्ग   शाफ्ट (मिमी)         बोअरशी नातं (मायक्रॉन)
h6    39.984 – 40.000    16 ढिला ते 12 घट्ट
j6    39.995 – 40.011     5 ढिला ते 23 घट्ट
k6    40.002 – 40.018     2 घट्ट ते 30 घट्ट
m6    40.009 – 40.025     9 घट्ट ते 37 घट्ट
```

यातलं कोणतं घ्यायचं ते भार सांगतो. १५ किलोवॅटला २०० मिमी पुलीवर पट्टा साधारण १ किलोन्यूटन जोराने ओढतो. व्ही-बेल्टला ताण द्यावा लागतो, म्हणून शाफ्टवर प्रत्यक्षात त्याच्या दोन-अडीच पट येतं, आणि पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली असल्याने तरफेने आणखी वाढतं. पुलीकडच्या बेअरिंगवर ३ किलोन्यूटन धरू. 6308 ची डायनॅमिक क्षमता ४१ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे भार सात टक्के. पाच टक्क्यांच्या खाली हलका भार समजून j6 चालतो. त्याच्या वर, बॉल बेअरिंगला आणि या साइजला k5 किंवा k6 कडे जायचं.

पण भार आला की आतली रिंग किंचित ताणली जाते आणि बसवताना असलेला दाब, म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा जितका जाड तेवढे मायक्रॉन, कमी होतो. तो किती कमी होतो त्याचा बेअरिंगवाल्यांचा ढोबळ नियम असा आहे, d बोअर, B रुंदी, Fr भार न्यूटनमध्ये, उत्तर मायक्रॉनमध्ये:

```
दाबातली घट = 0.08 × √( d/B × Fr )
           = 0.08 × √( 40/23 × 3000 )
           ≈ 5.8
```

म्हणजे भाराखाली रिंग पकडून ठेवायलाच सहा मायक्रॉन दाब हवा. आता तक्ता परत बघा. k6 च्या तळाला दाब फक्त २. ड्रॉइंगवर k6 लिहिलं, टर्नरने ४०.००३ करून दिलं, इन्स्पेक्शनने पास केलं, आणि मोठ्या बोअरचं बेअरिंग आलं तर ते फिरणारच. सगळे नियमात असून बेअरिंग गेलं, हे असं होतं.

मग m6 का नाही? कारण दाब फुकट मिळत नाही. रिंग फुगते, आणि गोळ्यांसाठी ठेवलेली आतली मोकळीक खाल्ली जाते. 6308 मध्ये भरीव शाफ्टवर दाबाच्या साधारण तीन-चतुर्थांश एवढी मोकळीक जाते. शाफ्टवरची बारीक शिखरं बसवताना दबतात, ते धरून मी ७२ टक्के घेतो. m6 चा सगळ्यात वाईट दाब ३७, त्याचे ७२ टक्के म्हणजे २७ मायक्रॉन. साध्या बेअरिंगमध्ये मुळात मोकळीक ६ ते २० मायक्रॉनच असते. म्हणजे गोळ्या चालू होण्याआधीच चिमटीत सापडल्या. वर ब्लोअरची गरमी. मग तो पहिल्या तासातला चटका आणि शिट्टी.

C3 छापाच्या बेअरिंगमध्ये मोकळीक १५ ते ३३ असते, म्हणून घट्ट सीटबरोबर C3 घ्यायचं. त्याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. "C3 चांगलं असतं" म्हणून ढिल्या सीटवर C3 बसवणारे आहेत. त्याने आवाज वाढतो, सीट सुधारत नाही.

आमच्या ब्लोअरला मी ठरवलेलं माप: ड्रॉइंगवर k6, पण टर्नरला आणि ग्राइंडरवाल्याला तोंडी आणि लेखी लक्ष्य ४०.००८ ते ४०.०१५, बेअरिंग 6308 C3. बोअर मधोमध, म्हणजे ३९.९९४ असेल तर दाब १४ ते २१ मिळतो. मोकळीक १० ते १५ ने कमी होते आणि मधल्या C3 मध्ये ९ ते १४ शिल्लक राहते. अगदी टोकाचा योग आला, सगळ्यात बारीक बोअर आणि सगळ्यात कमी C3, तर मोकळीक संपेल. म्हणून बसवल्यावर, गार झाल्यावर बाहेरची रिंग हाताने फिरवून बघायची. ती सहज फिरली पाहिजे. दाणेदार लागली तर तिथेच थांबायचं.

तिसरी तपासणी: मोजलं कशाने आणि कधी

k6 चा पूर्ण पट्टा १६ मायक्रॉनचा. नेहमीच्या व्हर्निअरची सगळ्यात बारीक रेघ २० मायक्रॉनची. म्हणजे व्हर्निअरने सीट मोजणं म्हणजे मैलाच्या दगडांनी पाऊल मोजणं. २५-५० चा मायक्रोमीटर लागतो, मायक्रॉन वाचणारा, आणि तो २५ च्या सेटिंग पीसवर नाही तर ४० च्या स्लिप गेजवर तपासलेला.

घासलेल्या शाफ्टवर मूळ माप काय होतं ते कळायची एक युक्ती आहे. सीट बहुतेक वेळा बेअरिंगच्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी लांब मशीन केलेली असते. रिंगने न झाकलेली ती अरुंद पट्टी घासलेली नसते. तिथे मोजा. आमच्या ब्लोअरवर बेअरिंगखाली ३९.९७१ होतं, आणि त्या पट्टीवर ३९.९९९. म्हणजे दोष घासण्याने सुरू झाला नव्हता, भाराखाली पकड राहील एवढा खात्रीचा दाब पहिल्या दिवसापासूनच नव्हता.

शाफ्ट करणारे टर्नर अण्णा तीस वर्षांचे मुरलेले. ते ऐकेनात. "मी मोजून दिलंय, ४०.०१२ होतं, वहीत लिहिलंय." आणि वहीत खरंच लिहिलेलं होतं. मग त्यांच्याच लेथवर एक तुकडा लावला, त्यांच्याच हाताने फिनिश कट मारला, लगेच मायक्रोमीटर लावला: ४०.०१३. "बघा." म्हटलं, आता चहा घेऊन येऊ. एक चहा, थोड्या गप्पा, परत आलो. तुकडा गार झालेला. त्याच ठिकाणी, त्याच मायक्रोमीटरने: ४०.०००. अण्णांनी दोनदा फिरवून बघितलं, मग काही न बोलता वहीत एक रेघ मारली.

४० मिमीचं पोलाद दहा अंश तापलं की साडेचार मायक्रॉन फुगतं. कटनंतर शाफ्ट सहज तीस अंश जास्त गरम असतो, म्हणजे १४ मायक्रॉन. अख्खा k6 त्यात वाहून गेला. आता त्यांच्या वर्कशॉपमध्ये शेवटचं माप दुसऱ्या दिवशी सकाळी घेतात, शाफ्ट आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेवून. मे महिन्यातही हे चालतं, कारण बेअरिंग, शाफ्ट आणि मायक्रोमीटर तिन्ही पोलादाचे. सगळे सारखेच गरम असले की फरक उरत नाही.

माप एकाच जागी घेऊ नका. सीटच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. सहा आकड्यांत पाच मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर सीट टेपर आहे किंवा गोल नाही. पुढच्या टोकाला घट्ट आणि शोल्डरजवळ ढिली सीट ही पॉलिश पेपरची खास देणगी आहे. फिनिश ०.८ आरएपेक्षा खडबडीत नको. लेथच्या खडबडीत रेघांची शिखरं बसवतानाच चिरडतात आणि मायक्रोमीटरने दाखवलेला दाब प्रत्यक्षात राहत नाही. म्हणून सीटला ग्राइंडिंग सांगतो. दोनशे-चारशे रुपये जास्त जातात.

चौथी तपासणी: शोल्डर खरंच टेकतो का

याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आमच्या शाफ्टचा शोल्डर ४५ मिमी होता. कारण? मालकाकडे ४५ चा बार पडून होता. ४० ची सीट, ४५ ची पायरी, अडीच मिमीचा शोल्डर, दिसायला ठीक.

आता बेअरिंगची कड बघा. 6308 च्या कडेचा रेडियस कॅटलॉगमध्ये १.५ मिमी लिहिलेला आहे, पण तो कमीत कमी. व्यासाच्या दिशेने तो २.३ पर्यंत असू शकतो. म्हणजे रिंगचा सपाट भाग कुठून सुरू होणार? ४० अधिक दोन वेळा २.३, म्हणजे ४४.६ पासून. आणि शोल्डर ४५ वर संपतो. शिवाय टर्नरने सवयीने शोल्डरच्या कडेला एक मिमीचा चॅम्फर, म्हणजे तिरका काप, मारलेला. म्हणजे शोल्डरचा सपाट भाग ४३ लाच संपला. रिंगचा सपाट भाग ४४.६ ला सुरू, शोल्डरचा ४३ ला बंद. दोघांची गाठच पडत नाही! रिंग तिच्या गोल कडेवर, शोल्डरच्या धारेवर टेकलेली. इंपेलरचा आडवा रेटा येऊन ती धार चेपली, बेअरिंग थोडं तिरकं झालं, शाफ्ट सरकला.

म्हणून कॅटलॉगमधला शोल्डरचा किमान व्यास पाळायचा. 6308 ला तो ४८.५ ते ४९ दिलेला असतो. मी ४९ घेतो, आणि कडेचा चॅम्फर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त मारू देत नाही. मोठा चॅम्फर हवाच असेल तर तेवढा व्यास वाढवायचा.

वर किती जायचं? आतल्या रिंगचा बाहेरचा व्यास साधारण ५६ आहे. शोल्डर त्याच्या जवळ गेला तर सील किंवा शील्डला घासायची भीती, आणि त्याहून रोजचा त्रास म्हणजे पुलरचे पाय धरायला जागा उरत नाही. मग माणूस बाहेरच्या रिंगला धरून ओढतो आणि चांगलं बेअरिंगही वाया घालवतो. ४९ ते ५० वर थांबलं तर पुलरला प्रत्येक बाजूला तीन मिमी मिळतात. पुरतात. कुठे शोल्डर उंच ठेवणं भागच असेल तर पुलरच्या पायांसाठी त्यात खाचा पाडा.

सीट आणि शोल्डर जिथे भेटतात तिथला कोपरा, म्हणजे फिलेट, १.५ पेक्षा मोठा नको. मोठा झाला तर रिंगची कड फिलेटवर चढते आणि शोल्डरपासून अंतर राहतं. मी १ मिमी सांगतो. अगदी टोकदारही नको. टोकदार कोपऱ्यात पट्ट्याच्या ओढीने तडा सुरू होतो आणि एक दिवस शाफ्टच तुटून पुली हातात येते. मजबुतीसाठी मोठा रेडियस हवाच असेल तर मधे चॅम्फर केलेली स्पेसर रिंग घालायची.

तपासायला दोन स्वस्त पद्धती. बेअरिंग बसल्यावर रिंग आणि शोल्डरमध्ये ०.०३ ची फीलर पत्ती गोलभर घालून बघा, कुठेही शिरता कामा नये. किंवा बसवण्याआधी शोल्डरला प्रशियन ब्लूचा पातळ हात द्या, बेअरिंग दाबून काढा, रिंगवर पूर्ण गोल निळा पट्टा उमटला पाहिजे. अर्धचंद्र उमटला तर शोल्डर काटकोनात नाही. डायल लावून शाफ्ट फिरवा, शोल्डरचा धावता फरक दहा-अकरा मायक्रॉनच्या आत हवा. सीट आणि शोल्डर एकाच सेटिंगमध्ये, जॉब न काढता फिनिश केले तर हे आपोआप जमतं. जॉब उलटा करून दुसऱ्या सेटिंगला शोल्डर मारला की गडबड.

पाचवी पायरी: दुरुस्ती, आणि काय करू नये

घासलेल्या सीटवर सेंटर पंचने ठिपके मारून किंवा नर्लिंग करून "घट्ट" करणं बंद करा. रिंग फक्त ठिपक्यांच्या टोकांवर टेकते, टोकं आठवड्यात चेपतात, आणि पुढच्या वेळी मोजायला खरा पृष्ठभागच उरत नाही. शिमच्या पट्ट्यांचंही तेच.

रिटेनिंग कंपाउंड वाईट नाही. सीट गोल आहे, टेपर नाही, दोन-तीन शतांश मिमीच ढिली आहे आणि भार हलका आहे, तर उत्पादन थांबू नये म्हणून चालतं. तेल पूर्ण पुसून लावा आणि ते बेअरिंगच्या आत जाऊ देऊ नका. गरम चालणाऱ्या ब्लोअरवर मी ते फक्त नवा शाफ्ट येईपर्यंतच लावतो.

आमच्या केसमध्ये शोल्डरच बुटका होता, त्यामुळे सीट भरून काढण्यात अर्थ नव्हता. ५५ च्या EN8 बारमधून नवा शाफ्ट केला. शोल्डर ५०, चॅम्फर ०.५, फिलेट १, सीट ग्राइंड करून दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली: ४०.०११, टोकापासून टोकापर्यंत फरक ३ मायक्रॉन. बेअरिंग हातोड्याने ठोकलं नाही, इंडक्शन हीटरवर १०० अंशांपर्यंत गरम केलं. ८० अंशांच्या फरकाला बोअर ४० मायक्रॉन फुगतो, म्हणून ते घसरत जाऊन शोल्डरला टेकतं. ११० च्या वर नेऊ नका, आणि गार होताना रिंग आकसून शोल्डरपासून मागे येते, म्हणून पूर्ण गार होईपर्यंत नट आवळून धरा. ही शेवटची गोष्ट विसरली की फीलर पत्ती आत शिरते आणि माणूस पुन्हा टर्नरला शिव्या देतो.

मार्करची रेघ पुन्हा ओढली. पंधरा दिवसांनी ती तशीच सरळ होती. वर्ष उलटून गेलं, ते बेअरिंग अजून चालू आहे.

कुठे थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं

फिलेटजवळ केसासारखी बारीक रेघ दिसली तर मशीन चालवू नका. आधी डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. तडा निघाला तर वेल्डिंगचा विचारही नको, शाफ्ट बदला. शोल्डरजवळ वेल्ड भरून परत मशीन केलेला शाफ्ट वेल्डच्या कडेलाच तुटताना मी दोनदा पाहिला आहे. मेटल स्प्रे किंवा हार्ड क्रोम करायचं असेल तर ते काम रोज करणाऱ्याकडेच द्या, जाडी आणि ग्राइंडिंगची जबाबदारी त्याच्यावर ठेवा.

शाफ्ट डायलवर वाकडा दाखवत असेल, किंवा सीट, शोल्डर, C3 सगळं मापात असून बेअरिंग पुन्हा गेलं, तर प्रश्न सीटच्या पलीकडचा आहे: इंपेलरचं बॅलन्सिंग, पुलीचं अलाइनमेंट, हाउसिंगचा बोअर. तिथे व्हायब्रेशन मोजणारा माणूस बोलवा.

पोकळ शाफ्ट, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, मशीन टूलचं स्पिंडल आणि रोलर बेअरिंगचे जड गिअरबॉक्स यांना वरचे आकडे लावू नका. पोकळ शाफ्ट दबतो म्हणून दाब वेगळा लागतो, स्पिंडलला बेअरिंगचा क्लासच वेगळा असतो. त्यांचा हिशेब डिझाइन इंजिनिअरकडून किंवा बेअरिंग कंपनीच्या तांत्रिक माणसाकडून करून घ्या. आणि लिफ्ट, क्रेन, माणूस उचलणारं कुठलंही यंत्र असेल तर शाफ्टच्या मापाला हातच लावू नका, मूळ उत्पादकाकडे जा.

विचारायला येताना तीन गोष्टी आणा: काढलेलं बेअरिंग न पुसता, शाफ्टची सहा मापं (आणि ती कधी घेतली ते), आणि शोल्डरचा व्यास चॅम्फरसकट.